जीन्सचा वॉश आणि शर्टाचा रंग: आधी उजळपणा पाहावा, मग रंग

प्रश्न: माझ्याकडे तीन जीन्स आहेत, एक अगदी फिकट, एक मधल्या निळ्या रंगाची आणि एक गडद, जवळजवळ नवी. शर्ट सात आहेत: पांढरा, आकाशी, फिकट गुलाबी, ऑलिव्ह हिरवा, मरून, काळा आणि निळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीचा. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर जेवायला, सिनेमाला किंवा जवळपास फिरायला जाताना यांतलेच काहीतरी घालतो. पण एकच शर्ट एका जीन्सवर उठून दिसतो आणि दुसरीवर मेल्यासारखा. ऑलिव्ह शर्टाचे तर मला कोडेच पडले आहे, कारण मधल्या निळ्यावर तो अजिबात चांगला दिसत नाही. माझा वर्ण सावळा आहे. निवड करण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर: वरवर पाहता हा रंगसंगतीचा प्रश्न वाटतो, पण माझ्या अनुभवात त्याची गाठ रंगात क्वचितच असते. निळ्या डेनिमशी उघड भांडण करणारा रंग शोधूनही सहसा सापडत नाही. बिघडते ते दोन कपड्यांच्या उजळपणातले अंतर. मी पूर्वी जीन्सच्या धुलाई कारखान्यात वॉशचे नमुने तयार करण्याचे काम केले आहे आणि आता पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना जोड्या लावून देतो. दोन्हीकडे हीच एक गोष्ट दिसत आली, की लोक रंगांची नावे जुळवतात, परंतु चार पावलांवरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला आधी दिसतो तो उजळ आणि गडद यांच्यातला फरक.

याचे कारण कापडातच आहे. डेनिममध्ये उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे धागे पांढरे ठेवलेले असतात. नेहमीच्या विणीत उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन एकाखालून निघतो, त्यामुळे बाहेरची बाजू निळी आणि आतली पांढरट दिसते. शिवाय नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, ती बाहेरच्या थरात राहते. कारखान्यात प्युमिस दगड किंवा एन्झाइम वापरून जीन्स घासली, की हा थर झिजतो आणि आतला पांढरा गाभा डोकावू लागतो. अधिक फिकट हवी असल्यास विरंजक वापरून नीळच नष्ट करतात. म्हणजे फिकट वॉश हा काही वेगळा निळा रंग नव्हे. मूळची नीळच कमी प्रमाणात उरलेली असते आणि तिच्यात पांढरे अधिक दिसत असते. तुमच्या तीन जीन्समधला मुख्य फरक म्हणूनच उजळपणाचा आहे, आणि निळ्यात सगळीकडे पांढरे कण मिसळलेले असल्यामुळे हा निळा सपाट रंगाच्या पँटसारखा दुसऱ्या रंगाच्या अंगावर येत नाही.

उजळपणा मोजण्यासाठी अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेली पट्टी मी वापरतो. तिच्यात पूर्ण काळ्याला 0 आणि पूर्ण पांढऱ्याला 10 असे धरतात. घरच्या घरी अचूक आकडा काढण्याची गरज नाही, अंदाज पुरतो. गडद, जवळजवळ न धुतलेली जीन्स साधारण 2 च्या आसपास असते, मधली 4 च्या आसपास आणि फिकट 7 च्या आसपास. शर्टांमध्ये पांढरा 9 च्या वर, आकाशी आणि फिकट गुलाबी 8, ऑलिव्ह 4, मरून अडीच-तीन आणि काळा 1 ते 2. हे आकडे नेहमीच्या छटांचे आहेत. तुमचा ऑलिव्ह किंवा मरून याहून एखाद्या पायरीने वर-खाली असू शकतो, म्हणून खालची चाचणी स्वतःच्या कपड्यांवर करावी.

दिवसा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नव्हे, जीन्स पसरून ठेवावी आणि शर्टाचा खालचा भाग तिच्या मांडीच्या भागावर यावा असा ठेवावा. शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे मोबाइलचा कॅमेरा उजेडाचा अंदाज चुकवत नाही. फोटो काढून त्यातला रंग काढून टाकावा आणि तो कृष्णधवल करून हात लांब धरून पाहावा. शर्ट आणि जीन्स यांच्यातली सीमारेषा सहज दिसली, तर अंतर पुरेसे आहे. ती शोधावी लागली, तर अंतर दोन पायऱ्यांपेक्षा कमी आहे आणि ती जोडी जमवण्यासाठी दुसरे काहीतरी करावे लागेल. तीन ते पाच पायऱ्यांचे अंतर दिवसाच्या साध्या फिरण्यासाठी सर्वांत निवांत वाटते. सहाच्या पुढे गेले, की जोडी ठसठशीत होते. ती वाईट नसते, पण तिच्यात कमरेपाशी शरीराचे दोन तुकडे झालेले स्पष्ट दिसतात.

आता तुमचा ऑलिव्ह शर्ट. तो 4 आणि मधली जीन्सही 4, म्हणजे अंतर जवळजवळ शून्य. त्यात दोन्ही रंग मंद आहेत, कोणताच तेजस्वी नाही. उजळपणा सारखा असूनही जर एक रंग प्रखर असता, म्हणजे समजा शर्ट त्याच उजळपणाचा तेजस्वी लाल असता, तर निदान रंगाच्या जोरावर तो वेगळा दिसला असता. इथे डोळ्याला धरायला ना उजळपणाचा फरक आहे ना तेजाचा, म्हणून दोन्ही कपडे मिळून एकच मळकट पट्टा दिसतो. हाच शर्ट फिकट जीन्सवर घातला, की तीन पायऱ्यांचे अंतर मिळते आणि त्याच्यातला हिरवा जागा होतो. तुमच्याकडच्या सगळ्या शक्यतांमध्ये ऑलिव्ह आणि फिकट जीन्स ही मला सर्वांत चांगली दिवसाची जोडी वाटते. गडद जीन्सवरही तो चालतो, कारण दोन पायऱ्यांचे अंतर आहे आणि शर्टातली पिवळसर ऊब निळ्याच्या थंडपणापासून वेगळी राहते, पण संध्याकाळनंतर ही जोडी जड वाटू लागते. मधल्या जीन्सवरच घालायचा हट्ट असेल, तर आत पांढरा टी-शर्ट घालून ऑलिव्ह शर्टाची बटणे उघडी ठेवावीत. त्या पांढऱ्या उभ्या पट्ट्यामुळे हवा असलेला फरक मधोमध मिळतो आणि शर्टही मोकळा श्वास घेतो.

एकच शर्ट शेजार बदलताच वेगळा का दिसतो, याचा सविस्तर अभ्यास मिशेल शेवरोल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला होता. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात तो रंगाई विभाग सांभाळत असे आणि तिथे काळा धागा पुरेसा काळा दिसत नसल्याच्या तक्रारी त्याच्यापर्यंत येत. त्याच्या लक्षात आले, की दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे. 1839 मध्ये त्याने हा विचार सविस्तर मांडला. शेजारचे रंग एकमेकांना परस्परांपासून दूर ढकलतात, म्हणजे उजळाशेजारी गडद अधिक गडद दिसतो आणि निळ्याशेजारी ठेवलेला रंग थोडा नारिंगीकडे झुकलेला भासतो. डेनिमवर मातकट, गेरू, विटकरी, बदामी असे उबदार रंग इतके खुलतात त्याचे एक कारण हेच आहे. तुमच्या सात शर्टांत या घराण्यातला एकही नाही, तेव्हा पुढचा शर्ट घ्याल तेव्हा याचा विचार जरूर करावा. मधल्या उजळपणाचा, म्हणजे साधारण 6 च्या आसपासचा बदामी किंवा फिकट गेरू रंग मधल्या आणि गडद अशा दोन्ही जीन्सवर चालेल.

मधल्या निळ्या जीन्सबद्दल असा समज आहे, की तिच्यावर काहीही घालावे. हे अर्धेच खरे आहे. वरच्या टोकाचे रंग तिच्यावर फार सुखाने बसतात. तुमचा फिकट गुलाबी शर्ट तिच्यावर सर्वांत चांगला दिसेल, कारण चार पायऱ्यांचे अंतर आहे आणि गुलाबीतली किंचित ऊब निळ्यामुळे वाढलेली दिसते. पांढराही उत्तम. आकाशीही चालतो, आणि इथे एक गैरसमज दूर करतो. निळ्यावर निळा घालू नये असे काही नाही. निळ्यावर त्याच उजळपणाचा निळा घालू नये, एवढेच. चार पायऱ्यांचे अंतर असले, की दोन्ही निळे मुद्दाम निवडलेले वाटतात. अंतर एखाद्या पायरीचे असले, की जुळवायला गेला आणि जुळले नाही असे वाटते. डेनिमचा शर्ट डेनिमच्या जीन्सवर घालणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. खालच्या टोकाकडे मात्र मधली जीन्स सोशिक नाही. मरून तिच्यावर उन्हात ठीक दिसतो, पण अंतर दीड पायरीच्या आत असल्याने ढगाळ दिवशी निस्तेज होतो. काळा शर्ट तीनेक पायऱ्या दूर असल्यामुळे चालतो, फक्त त्यात वरचा भाग जड दिसतो, म्हणून बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात.

फिकट जीन्सची अडचण नेमकी उलट आहे. तिथे तुमचे गडद शर्ट कामाचे आणि फिकट शर्ट धोक्याचे. आकाशी शर्ट फिकट जीन्सवर घालूच नये असे मी स्पष्ट सांगेन, कारण अंतर एका पायरीचे आणि रंग एकच. फिकट गुलाबीही तिच्यावर पुसट होतो, मात्र गडद टी-शर्टावर उघडा घातला तर सावरतो. पांढरा शर्ट दुपारच्या उन्हात हलकाफुलका दिसतो, पण त्यासाठी जीन्सचा निळा स्वच्छ असावा लागतो. पुष्कळ फिकट जीन्सना जुनाट भास यावा म्हणून शेवटी पिवळसर किंवा तपकिरी रंगाचा हात दिलेला असतो. ते ओळखण्याची सोपी खूण अशी, की पायाची मोहरी उलटी करून आतली बाजू आणि खिशाचे अस्तर पाहावे. हा रंग शिवलेल्या जीन्सला देतात, त्यामुळे मूळचे पांढरे आडवे धागे आणि खिशाचे कापडही त्यात पिवळसर होते. तशी जीन्स असेल, तर तिच्याशेजारी पांढराशुभ्र शर्ट तिला मळलेली ठरवतो. तिथे मोतिया किंवा दुधी रंगाचा शर्ट घ्यावा. आतली बाजू पांढरी किंवा किंचित निळसर असेल, तर निःशंकपणे शुभ्र पांढरा घालावा.

फिकट जीन्सवर मरून छान दिसतो, चार पायऱ्यांहून अधिक अंतर आणि ऊब दोन्ही मिळतात. काळा शर्ट ठसठशीत दिसतो, पण इथे पाच-सहा पायऱ्यांचे अंतर असल्याने शर्टाची लांबी महत्त्वाची ठरते. शर्ट बाहेर सोडलेला असेल आणि तो चेनच्या मध्याच्या खाली उतरत असेल, तर काळा भाग मोठा आणि फिकट भाग छोटा होऊन पाय आखूड वाटतात. बेताच्या उंचीच्या माणसाने तरी हे आरशात नक्की तपासावे.

गडद जीन्सबाबत उजळपणाचे गणित सर्वांत सोपे आहे. पांढरा, आकाशी, गुलाबी आणि चौकडी हे चारही तिच्यावर सहज जातात, आणि संध्याकाळी जेवायला जाताना आकाशी व गडद ही जोडी मी सर्वांच्या आधी सुचवतो, कारण ती नीटनेटकी दिसते पण कार्यालयातून थेट आल्यासारखी वाटत नाही. मरून आणि काळा हे दोन शर्ट मात्र तिच्यावर विचार करून घालावेत. मंद प्रकाशात डोळ्याला लाल रंग निळ्याच्या आधी काळवंडलेला दिसतो, त्यामुळे दिवेलागणीच्या वेळी उघड्यावर मरून आणि गडद नीळ दोन्ही काळपट होतात. पिवळ्या दिव्यांच्या हॉटेलात मरून पुन्हा उठतो, तेव्हा बसण्याची जागा आत असेल तर ती जोडी चालून जाते. काळ्या शर्टाचे दुखणे वेगळे आहे. घरातल्या दिव्यात तो आणि जीन्स एकसारखे काळे दिसतात, आणि बाहेर उन्हात पाऊल टाकताच जीन्स निळी होते. ज्यांना हे मुद्दाम करायचे असते त्यांना ते शोभते, पण साध्या फिरण्यासाठी मी ती जोडी सुचवत नाही.

तुमची गडद जीन्स जवळजवळ नवी आहे, म्हणून रंगसंगतीच्या बाहेरची पण फिकट शर्टांच्या जिवावर उठणारी एक गोष्ट सांगायला हवी. वर म्हटल्याप्रमाणे नीळ धाग्याच्या बाहेरच्या थरात असते, त्यामुळे नव्या गडद डेनिमचा रंग घासला की निघतो, आणि ओल्या कपड्यावर तो कोरड्यापेक्षा बराच अधिक उतरतो. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या दिवशी पांढऱ्या शर्टाची खालची कड आणि आत खोचलेला भाग निळसर होतो तो यामुळेच. पांढरा रुमाल ओला करून घट्ट पिळावा आणि जीन्सच्या मांडीवर, नंतर आतल्या शिवणीजवळ, दहा वेळा घासून पाहावा. रुमाल स्पष्ट निळा झाला, तर ती जीन्स उलटी करून थंड पाण्यात एकटीच धुवावी आणि रुमालावर फिकट डागच राहीपर्यंत तिच्यावर पांढरा व गुलाबी घालू नये. त्या काळात चौकडीचा शर्ट उपयोगी पडतो, कारण त्यात निळा आधीच असल्यामुळे थोडा रंग लागला तरी तो दिसत नाही. शर्टाला डाग लागलाच, तर तो वाळू न देता त्याच दिवशी साबणाने थंड पाण्यात धुवावा.

चौकडीचा उजळपणा कसा धरायचा, हा प्रश्न पडला असेल. डोळे अर्धवट मिटून पाच-सहा पावलांवरून शर्ट पाहावा. बारीक चौकडी एकमेकांत मिसळून एकच सरासरी रंग दिसतो. तुमच्या शर्टाचा तो बहुधा 7 च्या आसपासचा फिकट निळा असेल. म्हणजे त्याला आकाशी शर्टाचेच नियम लागू होतात: मधल्या आणि गडद जीन्सवर तो चांगला, फिकटवर नको. मोठी चौकडी अशी मिसळत नाही, आणि मांडीवर पांढरट चट्टे व सुरकुत्यांच्या रेषा पाडलेली जीन्स असेल, तर ती चौकडी आणि त्या रेषा एकमेकींशी स्पर्धा करतात. तशा जीन्सवर एकरंगी शर्टच बरा.

वर्णाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो, पण त्याला मी दुय्यम मानतो, कारण जीन्स चेहऱ्यापासून दूर असते आणि वर्णाचा संबंध फक्त शर्टाच्या कॉलरपाशी येतो. तिथेही उजळपणाचीच कसोटी लावावी. सावळ्या चेहऱ्याशेजारी पांढरा, आकाशी आणि गुलाबी हे शर्ट स्पष्ट फरक देतात आणि चेहरा उठावदार दिसतो. ऑलिव्हचा उजळपणा सावळ्या वर्णाच्या बराच जवळ जाऊ शकतो, तेव्हा त्याच्या आत पांढरा किंवा मोतिया टी-शर्ट घालण्याचा वर सांगितलेला उपाय इथेही कामाला येतो. मरून सावळ्या वर्णाला सहसा चांगला शोभतो. कोणताही रंग वर्ज्य मानण्याचे कारण मला दिसत नाही.

सगळे एकत्र मांडायचे, तर तुमच्या कपाटातून मी फिकट जीन्ससाठी ऑलिव्ह आणि मरून, मधलीसाठी गुलाबी, पांढरा आणि आकाशी, आणि गडदसाठी आकाशी व चौकडी, तसेच रंग उतरणे थांबल्यावर पांढरा व गुलाबी बाजूला काढीन. काळा शर्ट फिकट किंवा मधल्या जीन्सवर ठेवीन. ही वाटणी कायमची नाही, कारण जीन्स धुण्यागणिक फिकी होत जाते आणि तुमची आजची 2 ची गडद जीन्स काही काळाने 3 वर, मग 4 वर सरकेल. तसे झाले की ऑलिव्ह तिच्यावर आज चालतो तसा चालणार नाही आणि काळा मात्र आजच्यापेक्षा बरा दिसू लागेल, म्हणून वर्षातून एकदा तोच कृष्णधवल फोटो पुन्हा काढून पाहावा.